कथेत मुरलेला बोध आणि कथेला चिकटवलेला बोध

मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांत बोध असावा की नसावा, हा वाद जुना आहे. पण त्या वादातून पालकांच्या हाती फारसे काही लागत नाही. राक्षस, बोलके प्राणी, जादूची अंगठी यांनी भरलेल्या कथेत चांगले आणि वाईट यांची निवड ही येणारच. तेव्हा खरा प्रश्न बोध आहे की नाही हा नसून, तो कथेत मुरलेला आहे की वरून चिकटवलेला आहे, हा आहे. लोणच्यात मीठ मुरते तेव्हा ते वेगळे दिसत नाही, पण फोड जिभेवर ठेवताच कळते. वरून भुरभुरलेले मीठ दिसते खरे, परंतु फोड आतून अळणीच राहते. मुरलेले कोणते आणि भुरभुरलेले कोणते, हे पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकाला ओळखता येईल काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या रामनगरसारख्या गावी या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. जोयडा तालुक्यातील हे गाव बेळगाव-गोवा रस्त्यावर वसलेले. सुपा धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, अशी कितीतरी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. घरात मराठी किंवा कोंकणी, कचेरीत कन्नड आणि शाळेत जे माध्यम मिळेल ते, अशी आमच्या मुलांची भाषिक दिनचर्या. ज्या मुलाला शाळेत मराठी नाही, ते मराठी पुस्तक परीक्षेसाठी उघडणार नाही. उघडले तर केवळ गोडीने उघडेल. बेळगावला काही कामानिमित्त गेलेल्या वडिलांनी आठवणीने एक जाड पुस्तक आणावे, मुलाने वीस पाने वाचावीत, आणि 'हे तर शाळेतल्यासारखेच आहे' म्हणून ते फळीवर ठेवून द्यावे, असे घडले तर फुकट गेलेल्या पैशाचे दुःख लहान आहे. त्या मुलाच्या मनात मराठी पुस्तक म्हणजे उपदेश, ही गाठ बसते. ती सोडवणे फार कठीण.

ही गाठ बसण्यास आपल्या छापील बालसाहित्याचा आरंभही थोडासा कारण आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके 1828 साली निघाली. दोन्ही भाषांतरित, आणि दोन्हींचा हेतू मुलांना नीती शिकविण्याचा. पुढे 1881 साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले. त्याच्या नावातच बोध आहे. त्या काळी हे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु गोष्ट संपली की 'तात्पर्य' लिहावयाचे, ही सवय तेथून आपल्या हाडीमाशी खिळली. इसापाच्या दहा ओळींच्या गोष्टीला ती शोभते, कारण ती गोष्ट म्हणजे एक दृष्टान्तच असतो. दोनशे पानांच्या कादंबरीला मात्र ती पेलत नाही. मुलाने दोनशे पाने एका पात्राबरोबर काढल्यावर, शेवटी लेखकाने पुढे येऊन 'मुलांनो, यावरून काय शिकाल?' असे विचारणे म्हणजे जेवण झाल्यावर पाहुण्याला पदार्थांची नावे पाठ म्हणावयास लावण्यासारखे आहे.

तीन नासपत्या

ज्या 1881 साली 'बालबोध' निघाले, त्याच वर्षी इटलीत मुलांच्या एका साप्ताहिकात एका लाकडी बाहुल्याची कथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. लेखकाचे नाव कार्लो लोरेन्झिनी. तो 'कोलोदी' या टोपणनावाने लिहीत असे. कथा होती 'पिनोकियो'ची. या लेखकाने त्यापूर्वी शाळेसाठी बोधपर वाचनपुस्तके लिहिलेली होती, म्हणजे उपदेश कसा करतात हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने बाहुल्याला झाडावर फासावर लटकवून कथा संपविलीसुद्धा होती. पुढे 1882 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1883 साली छत्तीस प्रकरणांचे पुस्तक झाले. शिस्त, अभ्यास, आईबापांविषयी कृतज्ञता, कष्ट असे शाळेच्या भिंतीवर लिहिण्याजोगे सारे बोध या कादंबरीत आहेत. आणि तरीही जगभरची मुले ती आवडीने वाचत आली आहेत. म्हणून मुरलेला बोध कसा दिसतो हे पाहावयास याहून सोयीचे उदाहरण नाही.

आरंभीचा एक प्रसंग घेऊ. बाहुला रात्रभर उपाशी आहे. शेगडीवर पाय ठेवून झोपल्याने त्याचे लाकडी पाय जळून गेले आहेत. सकाळी त्याला घडविणारा म्हातारा जेपेत्तो घरी येतो. त्याच्या खिशात स्वतःच्या न्याहारीसाठी आणलेल्या तीन नासपत्या आहेत. त्या तो मुलाला देऊ करतो. मुलगा म्हणतो, साल काढून दे, मी सालीसकट खात नाही. म्हातारा निमूटपणे साली काढतो, पण फेकत नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतो. पहिली नासपती खाऊन मुलगा मधला गाभा फेकावयास निघतो. म्हातारा त्याचा हात धरतो आणि तो गाभाही सालींशेजारी ठेवतो. तिन्ही नासपत्या संपतात. भूक मात्र संपत नाही. घरात दुसरे काहीच नाही. मग मुलगा म्हणतो, बघू एखादी साल. एक साल जाते, दुसरी जाते, सगळ्या साली जातात आणि पाठोपाठ गाभेही जातात.

येथे 'अन्नाला नावे ठेवू नयेत' हा बोध आहे, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. म्हातारा शेवटी तो बोलूनही दाखवितो. तरी हा प्रसंग उपदेशाचा वाटत नाही, याची कारणे शोधली तर बरेच काही हाती लागते. पहिले कारण, शिकविले ते भुकेने. साली तेथे ठेवलेल्या होत्या आणि भूक खरी होती. लेखकाला वरून काही आणावे लागले नाही. दुसरे कारण, वाचकाच्या लक्षात एक गोष्ट येते, जी कोणीच बोलत नाही: त्या नासपत्या म्हाताऱ्याची न्याहारी होती. शिकविणारा स्वतः उपाशी राहिला आहे. ज्याने आपला घास दिला, त्याच्या तोंडी 'बघ, मी म्हणत होतो ना' हे वाक्य शोभते. तेच वाक्य पोटभर जेवलेल्या शेजाऱ्याच्या तोंडी घाला आणि प्रसंगाचा कसा विचका होतो ते पाहा.

रातकिडा आणि गाढव

याच कादंबरीत उपदेश करणारे एक पात्र मुद्दाम घातलेले आहे: बोलका रातकिडा. चौथ्या प्रकरणात तो बाहुल्याला सांगतो की आईबापांचे न ऐकणाऱ्या मुलांचे कधी भले होत नाही. बाहुला संतापून भिंतीवर लाकडी हातोडा फेकतो आणि रातकिडा मरतो. पुढे त्याची छाया पुन्हा येते, पण आरंभीच उपदेशकाला असे संपविण्यातली लेखकाची जाण लक्षात घेण्यासारखी आहे. रातकिडा बोलतो ते सर्व खरे आहे. परंतु तो ज्या मुलाशी बोलतो, त्याने अजून काही भोगलेले नाही. आणि रातकिड्याचे स्वतःचेही त्यात काही गेलेले नाही. असे खरे बोलणे कानाआड होते. 1940 साली डिस्नेने याच कथेवर चित्रपट काढला तेव्हा याच रातकिड्याला मुलाची सदसद्विवेकबुद्धी बनवून कथाभर त्याच्या सोबत ठेवले. दोन्हींतला फरक पालकांनी मुलांबरोबर ताडून पाहण्याजोगा आहे.

आता दुसरा इशारा पाहा. पुढे एका रात्री बाहुला 'खेळांच्या देशा'कडे निघालेल्या गाडीत बसावयास जातो. त्या देशी शाळा नाही, पुस्तक नाही; बारा महिने सुट्टी. गाडी गाढवे ओढीत आहेत, आणि त्यांच्या पायांत माणसांसारखे पांढरे बूट आहेत. जागा नसल्याने बाहुला एका गाढवावर बसतो. वाटेत त्याला खालून हलका आवाज येतो: पुढे पस्तावशील. तो वाकून बघतो तो गाढव रडत आहे, लहान मुलासारखे. आपणही पुस्तके टाकून आलो आणि असे झालो, हेच ते सांगते. बोध रातकिड्याचाच आहे. मात्र सांगणाऱ्याने त्याची किंमत मोजलेली आहे, आणि ती किंमत त्याच्या चार पायांतल्या बुटांत दिसते आहे. वाचणारे मूल तेथे दचकते. बाहुला मात्र ऐकत नाही, आणि ऐकत नाही हेही स्वाभाविक आहे, कारण गाडीतल्या मुलांची मौज लेखकाने खरोखरच मोहक रंगविली आहे.

हा शेवटचा मुद्दा पालक बहुधा विसरतात. चिकटवलेल्या बोधाच्या पुस्तकात वाईट मार्ग पहिल्यापासूनच कुरूप असतो. आळशी मुलगा घाणेरडा, खोटारडी मुलगी कर्कश. असा मोह कोणालाच पडणार नाही; मग तो टाळण्यात पुरुषार्थ कोणता? मुलाला रोजच्या आयुष्यात पडणारे मोह गोड असतात. कथेतला मोहही गोड असला पाहिजे, तरच त्यातून सुटण्याची कथा त्याच्या उपयोगी पडेल.

याच कादंबरीचा शेवट मात्र मिश्र आहे, आणि म्हणूनच तुलनेला उपयोगी. आरंभी जेपेत्तोने अंगातला एकुलता एक कोट विकून मुलासाठी मुळाक्षरांचे पुस्तक आणलेले असते. मुलाने ते बाहुल्यांचा खेळ पाहण्यासाठी चार नाण्यांना विकलेले असते. शेवटच्या प्रकरणात तोच मुलगा आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून मळ्यात रोज शंभर बादल्या पाणी ओढतो. टोपल्या विणून तो चाळीस नाणी साठवितो आणि स्वतःसाठी नवा कोट घ्यावयास निघतो. वाटेत त्याला कळते की त्याच्यावर माया करणारी परी आजारी व निर्धन आहे. तो ती सगळी नाणी देऊन टाकतो. बापाने विकलेला कोट आणि मुलाने न घेतलेला कोट, ही जोडी लेखक कोठेही बोलून दाखवीत नाही. ती वाचकाने जुळवावयाची. त्यानंतर मात्र परी स्वप्नात येऊन चांगल्या मुलांविषयी चार शब्द सांगते. ते शब्द तळहाताने झाकून पाहावेत. कथेतले काहीच उणे होत नाही.

वानगीदाखल एक कथा

झाकून पाहण्याची ही युक्ती हीच पहिली कसोटी. परंतु ती कशी चालवावी हे कळण्यासाठी आपल्याच रानातली एक छोटी कथा मी येथे दोन प्रकारे मांडतो.

जोयडा-दांडेलीच्या जंगलात धनेश पक्ष्याच्या चार जाती आढळतात. या पक्ष्याची मादी अंडी घालण्याच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना फळे भरवितो. आता कल्पना करू की कुसुम नावाच्या मुलीला पंख दुखावलेला धनेश नर भेटतो. तो म्हणतो, सात दिवस रोज सूर्य उगवण्यापूर्वी ढोलीपाशी उंबरे नेऊन दे. बदल्यात तुला पाखरांची बोली कळू लागेल. कुसुम शब्द देते. तीन दिवस तो पाळते. चौथ्या दिवशी शेजारच्या गावची जत्रा असते.

पहिला प्रकार असा. कुसुम जत्रेला जाते. तेथे तिच्या बांगड्या फुटतात, पैसे हरवतात, येताना ती खड्ड्यात पडते. तोच वनदेवता प्रकट होते आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांचे असेच होते, असे सांगते. कुसुम रडून क्षमा मागते. वनदेवता तिला सोन्याचे उंबर देते.

दुसरा प्रकार असा. कुसुम जत्रेला जाते. पाळण्यात बसते, बत्तासे खाते, खूप हसते. पाचव्या दिवशी पहाटे ती दुप्पट उंबरे घेऊन ढोलीपाशी जाते. परवापर्यंत मादीच्या चोचीमागे दोन इवल्या चोची दिसत होत्या. आज एकच दिसते. मादी काही बोलत नाही. उरलेले तीन दिवस कुसुम अंधारातच घरातून निघते. आठव्या दिवशी नराचा पंख बरा होतो. कुसुमला ठरल्याप्रमाणे पाखरांची बोली कळू लागते, आणि त्या बोलीतले पहिले वाक्य तिच्या कानी पडते ते नराचे: 'दोघे कसे आहेत?'

दोन्हींतला बोध एकच. आता झाकून पाहू. पहिल्यातून वनदेवतेचे भाषण काढले तर उरते ती एका मुलीच्या वाईट दिवसाची हकिकत. शब्द मोडण्याशी फुटक्या बांगड्यांचा काही संबंध नाही. दुसऱ्यात झाकण्याजोगे वाक्यच नाही, आणि तरी बोध चुकवू म्हटल्यास चुकत नाही.

दुसरी कसोटी किमतीची. चुकीची किंमत कोणी मोजली, आणि ती त्या चुकीतूनच निघाली काय? पहिल्या कथेत शिक्षा लेखकाने पाठविली. दुसरीत ढोलीचे तोंड लिंपलेले आहे, एवढ्या एका गोष्टीतून सारे घडले. सुधारणेलाही किंमत असावी लागते; पहिल्या कथेत क्षमा मागताच सोने मिळते, आणि मूल त्यातून जे शिकते ते लेखकाला अभिप्रेत नसावे.

तिसरी कसोटी जादूच्या नियमाची. अद्भुत कथेत काहीही घडू शकते असे आपण म्हणतो, पण चांगल्या अद्भुत कथेत तसे नसते. तेथील जादूला नियम असतो, आणि तो नायकाच्या सोयीसाठी किंवा लेखकाच्या शिकवणीसाठी बदलत नाही. वनदेवता ऐनवेळी कोठून आली? तिच्याविषयी आधी एक अक्षर नव्हते. दुसऱ्या कथेत नराने दिलेले वरदान ठरल्याप्रमाणेच मिळाले, आणि तेच कुसुमला सर्वांत जड गेले. नियम अढळ असला की मूल स्वतः पुढचा विचार करू लागते, आणि नीतीचा विचार तेथूनच सुरू होतो.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. पिलू दगावण्याची किंमत सहा वर्षांच्या मुलाला सोसवेलच असे नाही. त्या वयाला नासपतीच्या सालीएवढी किंमत पुरते. वयाप्रमाणे किंमत लहानमोठी करावी. ती अजिबात काढून टाकू नये. लहानांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्या घेताना म्हणूनच जपावे. पाने कमी करताना बारीक तपशील आधी जातो, आणि बोध मात्र जसाच्या तसा राहतो. साली गेल्या आणि 'अन्नाला नावे ठेवू नयेत' एवढे उरले, तर ते पुस्तक नव्हे, फलक झाला.

दुकानात आणि घरी

दुकानात उभ्याने संपूर्ण पुस्तक वाचता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन ठिकाणे उघडावीत. पहिली दोन पाने वाचून पाहावे की मूल हे पात्र आहे की नमुना. 'राजू हा फार हट्टी मुलगा होता' एवढेच सांगितले आहे की राजूने कशाचा हट्ट धरला ते दाखविले आहे. मग मध्यावर, जेथे नायक चुकतो ते पान शोधावे आणि मोह गोड आहे काय ते बघावे. शेवटी अखेरची दोन पाने घ्यावीत व बोधाचे वाक्य तळहाताने झाकावे. शेवट आधी वाचल्याने आपला रसभंग होईल, पण पुस्तक आपल्यासाठी घ्यावयाचे नाही. या तिन्ही ठिकाणी मिळून दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

बोधाचे वाक्य सापडले एवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नये. जेपेत्तोही बोध बोलतो. ते वाक्य कोण बोलतो, त्याचे काय गेले आहे, आणि ते कथेने आधीच सिद्ध केलेले आहे काय, एवढे विचारावे. उलटपक्षी, बोधाचे एकही वाक्य नाही म्हणून पुस्तक निर्दोष ठरत नाही. जेथे शूर नेहमी गोरा व देखणा आणि दुष्ट नेहमी काळा व कुरूप, तेथे एक शब्दही न बोलता वाईट बोध मुरलेला असतो. आणि मुरलेला असल्यामुळे तो अधिक टिकतो. झाकण्याच्या कसोटीला तो सापडत नाही. त्यासाठी चित्रेही पाहावी लागतात.

शेवटची परीक्षा घरी होते आणि ती मूल घेते. पुस्तक वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' हा प्रश्न पालकांनी कटाक्षाने टाळावा. त्याचे उत्तर मुलाला शाळेने शिकविलेले असते आणि ते ऐकून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'तू असतास तर जत्रेला गेला असतास का?' असे विचारावे. मुरलेल्या बोधाच्या पुस्तकावर मूल लगेच 'नाही' म्हणत नाही. ते घुटमळते, अटी घालते, सकाळी उंबरे देऊन मग जत्रेला जाता आले असते असे सुचविते, जत्रा कितीला सुरू होते ते विचारते. चिकटवलेल्या बोधावर उत्तर तत्काळ आणि बिनचूक येते. उत्तर इतके चटकन आले, तर पुढच्या खेपेस पुस्तक निवडताना अधिक वेळ द्यावा.